उंचवट्याबाहेरचा नवरा

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी इमारतीतले सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. कोणाला कोणाचा नंबर हवा असला, कोणाच्या मुलाचं कुठे जमलं हे विचारायचं असलं, की पावलं बाईंच्या दाराकडे वळायची. बाईंचं डोकं म्हणजे डिरेक्टरी, असं शेजारीपाजारी म्हणायचे, आणि बाईंनाही ते मनातून खरंच वाटायचं. एक्काहत्तराव्या वर्षी माणसाला आपल्या एखाद्या गोष्टीचा गर्व असायला हरकत नाही, आणि बाईंना तो आपल्या आठवणीचा होता.

म्हणूनच वाचनालयाच्या फळ्यावर विद्यापीठाचा कागद लागला तेव्हा त्या थांबल्या. साठीच्या पुढची माणसं हवीत, दोन तास बसायचं, आपल्या आठवणी सांगायच्या, एवढंच. त्यांच्या यजमानांनी चष्मा कपाळावर ढकलून तो कागद दोनदा वाचला.

"या वयात कोणी आपल्याकडे काही मागतंय," ते म्हणाले. "देऊन टाकू."

यजमान जमीनमोजणीच्या खात्यातले. उभी हयात साखळी आणि नकाशे घेऊन माळावरून फिरण्यात गेली, तंबूत झोपण्यात गेली, आणि पंचेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा बोहल्यावर चढण्याचा योग आला, तोही बोहल्याशिवाय, नोंदणी कार्यालयात. बाई तेव्हा बेचाळीस वर्षांच्या. त्यांचा पहिला नवरा लाइनमन होता. त्यांच्याच एक्स्चेंजमधला. त्या तेहतीस वर्षांच्या असताना तो अपघातात गेला, आणि आठ वर्षांची मुलगी मागे ठेवून गेला. पुढची नऊ वर्षं बाईंनी एकटीने काढली आणि मग हे मोजणीदार त्यांच्या आयुष्यात आले. तेव्हा सतरा वर्षांची असलेली लेक त्यांना काका म्हणू लागली, ती आजतागायत काकाच म्हणते.

तर दोघंही विद्यापीठात गेले. दुसऱ्या मजल्यावर एक छोटी खोली होती, टेबल, दोन खुर्च्या आणि आवाज टिपणारं यंत्र. तिशी नुकतीच ओलांडलेली एक संशोधक समोर बसली होती. ती औषधाची डॉक्टर नव्हती, पण दारावर तिच्या नावामागे डॉक्टर लावलेलं होतं, म्हणून बाई तिला डॉक्टरच म्हणू लागल्या. दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं होतं, एकाचं दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मी एक शब्द म्हणेन," डॉक्टर म्हणाली. "तो ऐकून तुमच्या आयुष्यातला जो प्रसंग पहिल्यांदा मनात येईल तो थोडक्यात सांगायचा. चांगला, वाईट, मोठा, बारीक, काहीही चालेल. फक्त एकदाच घडलेला हवा. 'आम्ही नेहमी असं करायचो' असं नको. एक दिवस, एक वेळ."

"आणि नाही आला मनात तर?"

"तर नाही आला. पुढचा शब्द."

शब्द अगदी साधे होते. शिडी. चमचा. पत्र. साबण. दोरी. असे ऐंशी शब्द. बाईंना वाटलं होतं, विचार करावा लागेल. पण शिडी म्हटल्याबरोबर एक्स्चेंजच्या मागचं अंगण उभं राहिलं. त्या एकवीस वर्षांच्या होत्या, मैत्रिणींबरोबर डबा खात होत्या, आणि लाइनमन त्यांच्याकडे बघत बघत शिडीवरून उतरताना शेवटची पायरी चुकून थेट हिरव्या रंगाच्या डब्यात पाय घालून उभा राहिला होता. दोरी म्हटल्यावर एक्स्चेंजच्या बोर्डावर भोकांत खुपसून फोन जोडायच्या त्या दोऱ्या आठवल्या. नोकरीचा चौथा दिवस, घाबरून घाम फुटलेला, आणि त्यांनी दवाखान्याचा फोन चपलांच्या दुकानाला जोडला होता. पलीकडून दुकानदार शांतपणे विचारत होता की पेशंटच्या पायाचं माप काय. साबणाच्या वेळी वसतिगृहातली न्हाणी आठवली, पत्राच्या वेळी नोकरीचं पत्र. फोन आला की बोर्डावर दिवा लागायचा तसा शब्द लागायचा आणि हात आपोआप भोकाकडे जायचा.

काही शब्दांना मात्र नीट काही आलं नाही. चावी म्हटल्यावर बाई काहीतरी बोलल्या, डॉक्टरने विचारलं, "याचा एखादा ठरावीक दिवस आठवतो का?" बाई म्हणाल्या, नाही बाई, तसा नाही. डॉक्टरने दुसऱ्या कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढचा शब्द घेतला. असं बऱ्याचदा झालं. शेवटी तिने एकेक प्रसंग परत वाचून दाखवला आणि प्रत्येकाच्या वेळी बाईंचं वय काय होतं ते विचारलं. बाई घरी आल्या त्या खुशीत. इतकं बोलायला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

तीन आठवड्यांनी दोन पाकिटं आली. ज्यांना हवा असेल त्यांना त्यांचा त्यांचा आलेख पाठवू, असं डॉक्टरने सांगितलं होतं आणि दोघांनीही हवा म्हणून सही केली होती. आडव्या रेघेवर वय, आणि प्रत्येक प्रसंगाला एक ठिपका. ज्या वयातले प्रसंग जास्त तिथे ठिपक्यांचा ढीग.

यजमानांनी आपलं पाकीट तिथेच फोडलं. विशीत ढीग होता, पण बेताचा. दुसरा, त्याच्याहून उंच, पंचेचाळीस ते पन्नासमध्ये. त्यांनी कागद हात लांब करून बघितला, जवळ आणून बघितला.

"बघितलंस? इथे कोण आहे ते?" त्यांनी दुसऱ्या ढिगावर बोट ठेवलं. "तू आहेस. तू, पोर आणि हे घर. पहिल्यांदा माझ्या नावाचा पलंग घेतला तो आहे. पोर दहावीच्या पुढचं गणित घेऊन माझ्याकडे आली तो दिवस आहे. मलाच माहीत नव्हतं एवढं आहे म्हणून." त्यांनी तो आलेख फ्रिजच्या दाराला चिकटवला. "तुझा?"

"बघते नंतर," बाई म्हणाल्या. "हात ओले आहेत."

हात ओले नव्हते. पण का कोण जाणे, त्यांना आपलं पाकीट एकटीनेच उघडावंसं वाटलं. आतल्या खोलीत खिडकीपाशी जाऊन त्यांनी ते उघडलं आणि ठिपके मोजले, एकदा बोटाने, एकदा पेन्सिलीने. अठ्ठावन्न ठिपके. दहा ते तीस या वीस वर्षांत एकतीस. लहानपणाचे सहा. तिशी ते चाळिशी सहा. गेल्या पाच-सहा वर्षांतले अकरा. आणि बेचाळीस ते पासष्ट, म्हणजे या माणसाबरोबर काढलेल्या संसाराचा सगळा मधला भाग, त्यात चार.

चार ठिपके. तेवीस वर्षांना.

बाई पलंगावर बसल्या. बाहेरून यजमानांचा आवाज आला, "काय गं, कसा आहे?"

"तुमच्यासारखाच," बाई म्हणाल्या, आणि तो कागद शिवणाच्या डब्यात रिळांच्या खाली गेला.

खोटं बोलण्याची सवय नसली की माणूस फार वाईट खोटं बोलतो. त्या दिवसापासून बाईंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. भाजी निवडता निवडता त्या स्वतःलाच शब्द घालू लागल्या. खुर्ची. टोपी. छत्री. आणि मनाला ओढून आणायच्या पंचेचाळिशीत, पन्नाशीत. पण तिथे काही हाताला लागेना. सकाळ आठवायची, चहा आठवायचा, यजमान वर्तमानपत्राची घडी मोडताहेत हे आठवायचं, पण ती कुठली सकाळ? हजारो सकाळींची मिळून एकच सकाळ झाली होती. आणि त्या धुक्याच्या पलीकडे लाइनमन, तो मात्र रंगाच्या डब्यात पाय घालून लख्ख उभा, त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं तेही दिसत होतं.

मग याचा अर्थ काय लावायचा? गेली एकोणतीस वर्षं आपण एका माणसाबरोबर राहिलो आणि मनाने दुसऱ्याबरोबर? बाईंना तसं वाटत नव्हतं. पण वाटणं खरं की ठिपके खरे, हेही कळत नव्हतं.

लेकीला फोन केला तेव्हा त्यांनी आडून आडून विचारलं, "तुझ्या बाबांचं तुला काय आठवतं गं?"

लेक कचेरीत होती, घाईत होती. "बाबांचं? अबोला," ती म्हणाली. "रागावले की आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत. जेवताना फक्त चमच्यांचा आवाज. आई, मला अजून कोणी गप्प बसलं की मीच काहीबाही बडबडत सुटते. का विचारतेस?"

बाईंनी सहजच म्हणून फोन ठेवला. अबोला खरा होता. आता आठवला, कुणीतरी आठवण करून दिल्यावर आठवला. पण ऐंशी शब्दांत एकदाही आपण होऊन आला नव्हता. म्हणजे मन एका माणसाचे आठ-आठ दिवसांचे अबोले पोटात घालून त्याचा हिरवा पाय तेवढा जपतं, आणि ज्याने एकोणतीस वर्षांत आवाज चढवला नाही त्याला चार ठिपक्यांत बसवतं. हा कुठला न्याय, बाईंना समजेना.

त्यातच यजमानांच्या डोक्यात एक कल्पना आली. जुना नकाशा आणि नवा नकाशा एकमेकांवर ठेवून काचेपुढे धरले की हद्द कुठे सरकली ते दिसतं, हे त्यांनी जन्मभर केलेलं. तसेच दोघांचे आलेख एकावर एक ठेवून बघायचे होते.

"तुझा दे ना. कुठे जुळतं ते बघू."

"कुठे ठेवलाय कोण जाणे," बाई म्हणाल्या. "सापडत नाही."

हे सांगायला नको होतं. हरवलेली वस्तू म्हटली की मोजणीदाराच्या अंगात यायचं. सगळीकडे एकदम धुंडाळायचं नाही, घराचे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन संपवायचा. त्या संध्याकाळी दिवाणखाना संपला. उद्या आतली खोली, ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बाई एकट्याच विद्यापीठात जाऊन थडकल्या. डॉक्टर जिन्यात भेटली, हातात कागदांची चळत. बाईंचा चेहरा बघून तिने ती चळत खिडकीत ठेवली आणि त्यांना खोलीत नेलं.

"मला एकच सांगा," बाई म्हणाल्या. "माझं डोकं बिघडलंय का मन?"

डॉक्टर हसली नाही, याचं बाईंना नेहमीच बरं वाटत राहिलं. तिने एक जाडजूड वही उघडून दुसरा आलेख दाखवला. त्यात चारशे माणसांचे ठिपके एकत्र केले होते. दहा ते तीसच्या मध्ये उंचवटा होता, सरळ नजरेत भरणारा, मग उतार, आणि शेवटी अलीकडच्या वर्षांपाशी परत चढ.

"हा तुमचाच आलेख वाटतो ना? हा सगळ्यांचा आहे. चाळिशी उलटलेल्या बहुतेक माणसांत हा दिसतो. आम्ही याला आठवणींचा उंचवटा म्हणतो. शेवटचा चढ आहे तो ताज्या गोष्टींचा, त्या कोणालाही आठवतातच."

"पण का?"

"याच्यावर चार जणांची पाच मतं आहेत," डॉक्टर म्हणाली. "एक म्हणजे त्या वयात सगळं पहिल्यांदा होतं. पहिली नोकरी, पहिलं घर सोडणं. पहिल्यांदा घडलेलं वेगळं उठून दिसतं, पुन्हा पुन्हा घडलेलं एकमेकांत मिसळतं. दुसरं, आपण कोण हे माणूस त्याच वयात ठरवतो, म्हणून पुढे स्वतःबद्दल सांगताना तिथेच परत परत जातो. कोणी म्हणतं, त्या वयात मेंदूच नव्या गोष्टी टिपायला सगळ्यांत तरतरीत असतो. आणि कोणी म्हणतं, आयुष्यात काय कधी व्हायला हवं याचा एक ठरलेला साचा सगळ्यांच्या डोक्यात असतो, शिक्षण, नोकरी, लग्न, मूल, आणि त्यातलं बरंचसं तिशीच्या आत बसवलेलं असतं. त्या साच्यातलं आठवायला सोपं जातं. बहुधा सगळंच थोडंथोडं खरं आहे. नक्की कोणालाच माहीत नाही, मलाही नाही."

"आणि अबोला? तो कसा गेला?"

बाईंनी मग सगळं सांगितलं. डॉक्टरने ऐकून घेतलं.

"तेही पुष्कळदा दिसतं," ती म्हणाली. "हा उंचवटा मुख्यतः आनंदाच्या आठवणींचा असतो. दुःखाच्या आठवणी मोजल्या तर तिथे तो फारसा येत नाही. त्यामुळे त्या वयातली माणसं मागे वळून बघताना होती त्याहून गोड दिसू शकतात."

"मग यांना कसा दुसरा ढीग आला? यांचा पंचेचाळिशीत आहे."

"तो आलेख त्यांचा आहे, त्याच्याबद्दल मी बोलणार नाही. पण सर्वसाधारण सांगते. पस्तिशीच्या सुमारास दुसऱ्या देशात जाऊन राहिलेल्या माणसांचा उंचवटा त्या वयाकडे सरकलेला सापडतो. आयुष्य मुळापासून बदलतं तेव्हा परत सगळं पहिलं होतं." तिने वही मिटली. "पण एक लक्षात ठेवा. एकेका माणसाचा आलेख फार डळमळीत असतो. शब्द बदलले, दिवस बदलला, तर ठिपके बदलतील. चारशेंचं मिळून काही सांगता येतं, एकाचं नाही. खरं तर पाकिटं पाठवताना ते ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं. माझंच चुकलं."

बाईंना सगळं पटलं आणि काहीच पटलं नाही. पहिल्यांदाचं लक्षात राहतं, ठीक. पण दुसरं लग्नही पहिल्यांदाच झालं होतं ना, दुसरं म्हणून पहिल्यांदा. यांच्यासाठी आयुष्य बदललं आणि माझ्यासाठी नाही बदललं? त्यांनी तसं बोलून दाखवलं.

"तुम्ही तीच नोकरी, तेच गाव, तीच मुलगी घेऊन त्यात गेलात," डॉक्टर म्हणाली. "कदाचित. मी अंदाज करतेय." मग तिला काहीतरी आठवलं. "तुमचे शब्द ऐंशी होते. ठिपके अठ्ठावन्न. उरलेले बावीस कुठे गेले, विचारलं नाहीत."

"नापास झाले असतील."

"वेगळे काढले. एकदाच घडलेला प्रसंग नसला की मोजायचा नाही, हा आमच्या अभ्यासाचा नियम. ते तुमचेच शब्द आहेत, हवे तर प्रत देते."

बाईंनी प्रत घेतली आणि बसथांब्यावरच्या बाकावर बसून वाचली.

चावी: दाराला कुलूप लावून हे दोन जिने उतरतात, मग मी विचारते लावलं ना, मग हे काही न बोलता परत वर जाऊन बघून येतात. नेहमीच. टोपी: यांची टोपी मी रोज शोधते, ती रोज खुंटीलाच असते. संत्रं: हे सोलतात, मी खाते, पांढऱ्या शिरा काढून देतात. उशी: यांना दोन लागतात आणि सकाळी दोन्ही माझ्याकडे असतात. ताप: मला ताप आला की हे दर तासाला मोजून वहीत लिहितात, डॉक्टरांना दाखवतात, डॉक्टर हसतात. ठरावीक दिवस? सांगता येत नाही. ठरावीक दिवस? तसा नाही. ठरावीक दिवस? नेहमीच.

बावीसपैकी चौदा यांचे होते. तीन लाइनमनचे होते, त्यातला एक अबोल्याच्या कडेकडेने जाणारा: 'बशी: चहाची बशी आपटली की समजायचं'. बाकीचे आईचे, मैत्रिणींचे. दोन बस आल्या आणि गेल्या. बाईंना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. गोंधळ मात्र वाढला. संत्र्याच्या पांढऱ्या शिरा काढून देणारा माणूस मोजायचा नाही आणि रंगाच्या डब्यात पाय घालणारा मोजायचा, हा नियम कुणी केला? विद्यापीठाने केला, की आपल्या मनानेच आधी केला होता?

घरी आल्या तर यजमान खिडकीत उभे होते. दोन्ही हात वर, काचेला टेकवलेले दोन कागद, एकावर एक. शिवणाचा डबा पलंगावर उघडा होता, रिळं रंगांनुसार ओळीत लावून ठेवलेली.

"सापडला," ते म्हणाले. मागे वळून बघितलं नाही. "तुझा विशीत आणि माझा पंचेचाळिशीत. कुठेच जुळत नाही. माझा डोंगर आहे तिथे तुझा सपाट माळ." मग म्हणाले, "मला सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"काय सांगणार होते? तुम्ही फ्रिजला लावलात."

"हो, तेही खरंच." त्यांनी कागद खाली घेतले. "ते चार ठिपके कसले?"

खोटं बोलून झालं होतं, आता तेवढं बळ अंगात उरलं नव्हतं. "एक नातवाच्या जन्माचा. एक एक्स्चेंजमधले बोर्ड काढून नेले त्याचा. एक माझ्या निरोपसमारंभाचा."

"आणि चौथा?"

"तुम्ही रस्त्यात पडलात, डोक्याला खोक पडली, मी रुमाल दाबून धरला होता, त्याचा."

यजमानांचा हात कपाळावरच्या खुणेकडे गेला. "म्हणजे एक मी आहे," ते म्हणाले. "तोही रक्तबंबाळ."

बाईंनी पर्समधून दुसरा कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खुर्चीवर बसून वाचला, नकाशा वाचतात तसा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. टोपीपाशी आले तेव्हा त्यांची नजर खुंटीकडे गेली. संत्र्यापाशी थांबले. शेवटपर्यंत गेले आणि परत वर आले.

"हे मोजले नाहीत?"

"नियम आहे म्हणे. रोजचं मोजत नाहीत."

"बरोबर आहे," यजमान म्हणाले, आणि ते खरंच तसं म्हणाले, कारण नियम पाळणारा माणूस. "मोजणीत तेच असतं. रोज वहिवाट असलेली पायवाट नकाशावर येत नाही, खांब रोवला तर येतो." मग त्यांनी चष्मा काढला. "तरी पण मला एक खांब हवा होता गं. आपल्या लग्नाचा दिवस तरी. तो तुला कुठल्याच शब्दाला आला नाही?"

"नाही."

"आता आठवतो?"

बाईंनी प्रयत्न केला. नोंदणी कार्यालय आठवलं, कारण तिथे त्या नंतरही कामासाठी गेल्या होत्या. सही आठवली, की सही केली असणार म्हणून आठवली? यांनी काय घातलं होतं, कोण आलं होतं, ऊन होतं की नव्हतं, काही नाही. लाइनमनबरोबरच्या लग्नातल्या मांडवाचे खांब किती होते ते सांगता आलं असतं.

"नीटसा नाही," बाई म्हणाल्या. "खोटं का सांगू?"

यजमान उठले, चहा टाकला, दोन कप भरले. संध्याकाळपर्यंत ते नेहमीसारखेच होते, फक्त फ्रिजवरचा कागद निघून कपाटात गेला होता. बाईंना अबोल्याची भीती वाटत होती, पण तो अबोला नव्हता. ते विचारात होते. दोघंही विचारात होते, आणि घरात दोघांचे विचार वेगवेगळ्या खोल्यांत फिरत होते.

रविवारी लेक आली, सेहेचाळीस वर्षांची, कपाळावर आठ्या घेऊनच आत शिरली, कारण फोनवरच्या प्रश्नाने ती अस्वस्थ झाली होती. सगळं कळल्यावर तिने पर्स खाली ठेवली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "लग्नाचा दिवस? मला विचारा ना."

आणि ती सांगायला लागली. मंगळवार होता. काकांनी करड्या रंगाचा कोट घातला होता आणि त्याच्या बाहीला आतून किंमतीची चिठ्ठी तशीच राहिली होती, ती तिनेच जिन्यात दातांनी तोडली. आई निळी साडी नेसली होती, पदराला पिन सापडत नव्हती म्हणून कार्यालयातल्या कारकुनाने कागदांची टाचणी दिली. खिडकीशी एक पंखा होता, तो फिरताना टक टक वाजायचा. साक्षीदाराची सही चुकीच्या रकान्यात झाली. बाहेर आल्यावर तिघांनी उभ्या उभ्या सरबत प्यायलं, आणि तिला रडू येत होतं पण दाखवायचं नव्हतं, म्हणून ती ग्लासाच्या बुडाकडे बघत राहिली.

"तुला एवढं कसं आठवतं?" बाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर कळलं. लेक तेव्हा सतरा वर्षांची होती. बाईंचं दुसरं लग्न बाईंच्या उंचवट्यात बसलं नव्हतं, ते लेकीच्या बसलं होतं.

"पंखा डावीकडे होता," यजमान म्हणाले.

"उजवीकडे, काका. मी पंख्याखालीच बसले होते."

"कारकुनाच्या उजवीकडे. आपल्या डावीकडे."

"साडी निळी ना?" लेकीने विचारलं.

"निळी. काठ लाल."

"काठ नव्हताच काका. साधी होती."

दोघंही मागे हटेनात. यजमानांनी कागद घेतला, खोलीचा आराखडा काढला, टेबल, दार, पंखा. लेकीने पेन्सिल हिसकावून पंखा खोडला आणि दुसरीकडे काढला. बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. कोणा दुसऱ्याच बाईच्या लग्नाची गोष्ट ऐकावी तसं त्यांना वाटत होतं, आणि त्या बाईबद्दल पुढचं ऐकायची उत्सुकताही वाटत होती.

"सही करताना मी काही बोलले का?" त्यांनी विचारलं.

लेकीला ते आठवत नव्हतं, त्या वेळी ती पंख्याकडे बघत होती. यजमानांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बोललीस," ते म्हणाले. "पेन चालत नव्हतं. तू ते झटकलंस आणि मला म्हणालीस, 'घाई नाही ना तुम्हाला?' मी म्हटलं, पंचेचाळीस वर्षं थांबलोय, आणखी एक मिनिट थांबतो. तू हसलीस आणि शाईचा थेंब रजिस्टरवर पडला."

लेक हसली. बाई हसल्या नाहीत, त्या नीट बघत होत्या, आतल्या आत. पेन दिसलं. हातात धरलेलं, झटकलेलं. शाईचा थेंब दिसला, गोल, कागदावर पसरत गेलेला. साडीचा निळा पदर त्याच्या कडेला.

पण हे आत्ता दिसत होतं म्हणून दिसत होतं, की होतं म्हणून दिसत होतं? यांनी सांगितलं ते डोळ्यांपुढे आलं, की डोळ्यांमागे होतं ते यांनी बाहेर काढलं? बाईंनी थेंबाचा रंग शोधून बघितला. तो काळा वाटला. यजमानांनी रंग सांगितला नव्हता.

"शाई कसली होती हो?" त्यांनी विचारलं. "काळी?"

यजमानांनी आराखड्यातल्या टेबलावर बोट ठेवून बघितलं. "ते मला नाही आठवत," ते म्हणाले.